मेंब्रेन गेलं म्हणे!

आरओचं पाणी बिघडलं की घरातल्या प्रत्येकाला एकदम जीभ फुटते. एरवी भाजीत मीठ नाही हे ज्याच्या लक्षात येत नाही, तोसुद्धा भांडं तोंडाला लावून डोळे मिटतो आणि मत देतो. आमच्याकडे आई म्हणाली, पाणी मचूळ लागतंय आणि तूरडाळ तीन शिट्ट्यांत शिजत नाही. बायकोचं म्हणणं, चहावर तवंग येतो. मुलीच्या मते पाणी 'जाड' झालं होतं. जाड पाणी म्हणजे काय हे तिला सांगता आलं नाही, पण तिघींचं निदान पुढे बरोबर ठरलं.

चवीपाठोपाठ दुसरी तक्रार आली, पाणी पुरत नाही. संध्याकाळी भरायला लावलेली टाकी रात्रीही अर्धीच. मशिन बिचारं सतत घुरघुरत होतं, म्हणजे कष्टात कमी नव्हतं. पुण्याच्या पूर्वेला आमच्यासारख्या ज्या सोसायट्या टँकर आणि बोअरवर जगतात, तिथे उन्हाळ्यात हे दुखणं घरोघरी असतं. धरणाचं गोड पाणी नळाला येणाऱ्या पेठांतही लोकांनी आरओ लावलेत, हा वेगळा विनोद. टीडीएस ५००च्या आत असेल तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितलं होतं. आमच्या बोअरच्या पाण्याला मात्र लवादाचीही हरकत नसती. त्याचा टीडीएस एप्रिलमध्ये १८०० होता.

मेकॅनिक आला. झाकण उघडलं. नळाखाली मीटर धरला, आकडा पाहिला आणि शोकसभेच्या आवाजात म्हणाला, "दादा, मेंब्रेन गेलं."

ह्या वाक्यापुढे मराठी कुटुंबप्रमुख हतबल असतो. मेंब्रेन म्हणजे काय, ते कुठे असतं, ते जाण्यापूर्वी कसं होतं, ह्यातलं काहीच त्याला ठाऊक नसतं. मेकॅनिकने खर्चाचा आकडा सांगितला, त्यात 'पूर्ण किट बदलावं लागेल' हे पालुपद होतंच. मी म्हटलं, जरा विचार करून सांगतो. विचार करण्यासाठी मी खालच्या मजल्यावर गेलो, कारण आमच्या इमारतीतला विचार तिथे राहतो.

तिथले काका साखर कारखान्यात बॉयलरवर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण माणसाशी बोलतानाही ते त्याच्या तोंडाकडे न बघता कुठेतरी काटा शोधत असतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "प्रेशर बघितलं का त्याने?"

"कुणाचं?"

"मेंब्रेनचं रे. तुझं नंतर बघू."

प्रेशर कुणीच बघितलं नव्हतं. मेकॅनिकच्या पिशवीत टीडीएस मीटर असतो, पाना असतो, पावतीपुस्तक तर असतंच. प्रेशर गेज क्वचितच असतो. काकांचं मत असं की पाणी कमी आणि खारट, ह्या दोन्ही तक्रारी एकदम आल्या की पहिला संशय दाबावर घ्यायचा आणि मगच मेंब्रेनवर. एकट्या टीडीएस मीटरवरून मेंब्रेनला गेलेलं ठरवणं म्हणजे नाडी न बघता मृत्यूचा दाखला देणं, असं ते म्हणाले. बॉयलरवाल्यांची भाषा जरा कडकच असते.

आता हे दाबाचं प्रकरण थोडं समजून घ्यायला हवं. मेंब्रेन म्हणजे एका नळीभोवती गुंडाळलेली पातळ पडद्याची सुरळी. पडद्याच्या एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला गोडं. निसर्गाच्या मनात आलं तर गोडं पाणी खाऱ्याकडे जातं. हे उलट करायचं, खाऱ्यातलं पाणी गोड्याकडे ढकलायचं, म्हणून पंप लागतो. १९६०च्या सुमारास लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन ह्या दोघांनी ह्या कामाला खरोखर उपयोगी पडेल असा पडदा बनवला आणि १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगा गावाला त्या पद्धतीचं पाणी मिळू लागलं. आमच्या ओट्यावर ते पोहोचायला पुढची काही दशकं आणि बोअरवेलचा खड्डा लागला.

निसर्गाचा हा उलटा जोर किती, त्याचा काकांचा हिशोब सोपा. १०० टीडीएसला साधारण एक पीएसआय. म्हणजे आमच्या १८०० टीडीएसच्या पाण्याचा हट्ट अठरा, आणि मेंब्रेनमधून पुढे सरकताना पाणी आणखी खारट होत जातं म्हणून ढोबळ वीस धरा. पंपाने ६० पीएसआय दिला, तर त्यातले वीस हट्ट मोडण्यात गेले आणि कामाला चाळीस उरले. पंपाने ३० च दिला, तर उरले दहा. दाब निम्मा झाला, पण पाणी निम्मं होत नाही, चौथाई होतं. पगार निम्मा झाला आणि घराचा हप्ता तेवढाच राहिला की हातात काय उरतं, ते मध्यमवर्गीयाला वेगळं समजावून सांगायला नको.

इथपर्यंत माझ्या डोक्यात शिरलं. पण मग खारट का? पाणी कमी आलं तर येऊ दे, गोड तरी येऊ दे!

काका म्हणाले, मीठ दाबाला विचारत नाही. पडद्यातून पाणी किती जाईल हे दाबावर ठरतं. मीठ किती झिरपेल हे दोन्ही बाजूंच्या खारटपणातल्या फरकावर ठरतं. दाब कमी झाला तरी मिनिटाला झिरपणारं मीठ जवळजवळ तेवढंच राहतं, फक्त ते आता चौथाई पाण्यात मिसळतं. ६० पीएसआयला मिनिटाला १६० मिली पाणी १४० टीडीएसचं मिळत असेल, तर ३० पीएसआयला मिळेल ४० मिली आणि टीडीएस होईल ५६०. मेंब्रेन तेच, त्याला भोक नाही की फाटलेलं नाही. तरी नळाखाली मीटर धरणाऱ्याला ते 'गेलेलं'च दिसणार.

मीटर धरायचा कुठे, ह्यावरही काका घसरले. मेकॅनिकने तो नळाखाली धरला होता. नळाचं पाणी टाकीतून येतं, आणि टाकीच्या आधी मशिनमध्ये एक छोटा स्क्रू असतो, त्याला टीडीएस अॅडजस्टर म्हणतात. तो फिरवला की थोडं कच्चं पाणी गाळलेल्या पाण्यात मिसळतं. विकताना ह्यालाच 'मिनरल राखणं' म्हणतात. कुणाचा तरी हात लागून तो स्क्रू सैल झाला, तर पाणी खारट होतं आणि मेंब्रेनवर विनाकारण आळ येतो. तेव्हा मेंब्रेनच्या नळकांड्यातून निघणारी गाळलेल्या पाण्याची बारीक नळीच काढायची आणि तिचं पाणी तपासायचं. तेही मशिन सुरू केल्या केल्या नाही. मशिन बंद असताना मीठ हळूहळू पडद्यापलीकडे झिरपत राहतं, त्यामुळे सुरुवातीचं पाणी नेहमीच जास्त खारट असतं. दहा-पंधरा मिनिटं चालू द्यायचं, मग मीटर बुडवायचा.

दुसऱ्या दिवशी काका गेज घेऊन वर आले. कारखान्यातला नव्हता, तो आमच्या स्वयंपाकघरात मावला नसता. बाजारात आरओच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो तो, ० ते १५० पीएसआयचा, पाव इंची नळीच्या टी जोडासकट. त्यांनी प्लग काढला, पाण्याची तोटी बंद केली, पंप आणि मेंब्रेन ह्यांच्या मधली नळी काढली, तिथे टी बसवला. आईने ओट्यावर पसरलेलं सामान बघून विचारलं, "हे सगळं पुन्हा आत जाणार आहे ना?" काकांनी उत्तर दिलं नाही. बॉयलरवर असताना ते अशा प्रश्नांना उत्तर देत नसत.

मशिन सुरू केलं. काटा उठला, ३० वर येऊन बसला आणि तिथून हलेना.

काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मेंब्रेनच्या तोंडाशी मोजपात्र धरलं, तर मिनिटाला जेमतेम ४० मिली. टीडीएस ५५० च्या घरात. एक लिटर भरायला पंचवीस मिनिटं. हिशोब जुळला होता, आता दाब कोण खातंय तेवढं शोधायचं होतं.

ह्यात संशयित दोन बाजूंना असतात. एक तर दाब तयारच होत नाही, म्हणजे बाहेरचा गाळाचा फिल्टर किंवा आतला कार्बन तुंबलाय, वरच्या टाकीचं पाणी नीट पोचत नाही, पंपाचा पडदा थकलाय किंवा २४ व्होल्टचा अडॅप्टर ओझ्याखाली दम सोडतोय. किंवा दाब तयार होतोय, पण पलीकडून गळून जातोय. दोन्हीत काटा खालीच दिसतो. फरक कळतो तो वाया जाणाऱ्या पाण्यावरून. दाब तयारच होत नसेल तर वाया जाणारी धारही मरगळलेली असते. गळती पलीकडे असेल तर ती धार जोरात असते.

"वेस्टचं पाणी मोजलंस का?" काकांनी विचारलं.

उत्तर माझ्याआधी मावशींनी दिलं. मावशी आमच्याकडे धुणंभांडी आणि फरशी करतात, आणि आरओची वाया जाणारी नळी त्यांच्या बादलीत सोडलेली असते. त्या म्हणाल्या, "काका, आजकाल लई भारी झालंय. पूर्वी बादली भरायला तास लागायचा. आता दोन घरची भांडी होईतो भरून वाहती."

ही बातमी घरात कितीतरी आठवड्यांपासून होती. पाणी कमी येतंय म्हणून आम्ही चौघं वरच्या टाकीकडे बघत बसलो होतो, आणि पाणी कुठे जातंय हे खाली बघणाऱ्या बाईला पक्कं ठाऊक होतं. काकांनी मोजलं. मिनिटाला एक लिटर. म्हणजे पिण्याच्या एका लिटरमागे पंचवीस लिटर खाली चाललं होतं. आईने हिशोब ऐकला आणि टँकरचं गेल्या महिन्याचं बिल कुठे ठेवलंय ते विचारलं.

वाया जाणाऱ्या नळीवर एक बोटभर लांबीचा भाग असतो, त्याला सगळे एफआर म्हणतात. त्याचं काम फार साधं. धार अडवायची. त्याने अडवलं म्हणून मेंब्रेनमध्ये दाब साठतो. त्याच्यावर बहुतेकदा आकडा छापलेला असतो, ३००, ४५०, ५५० वगैरे, म्हणजे ठरलेल्या दाबाला मिनिटाला तेवढे मिली सोडणार. आमच्या एफआरवर ४५० छापलं होतं आणि तो निम्म्या दाबातही एक हजार सोडत होता. आतून झिजला असेल किंवा मागच्या सर्व्हिसला कुणी तरी तो साफ करताना आतलं काही काढून ठेवलं असेल. एफआरला तोंड नसल्यामुळे खरं काय ते कळणार नाही.

पण काका एका पुराव्यावर कुणाला दोषी ठरवत नाहीत. त्यांनी वाया जाणारी नळी दोन बोटांनी मुडपून दाबून धरली आणि मला काट्याकडे बघायला सांगितलं. काटा ४०, ६०, ८० करत शंभराच्या पुढे गेला. काकांनी लगेच नळी सोडली, कारण ही परीक्षा काही सेकंदांचीच असते, जास्त वेळ धरली तर एखादा जोड सुटून स्वयंपाकघराचं स्नानगृह होतं. "पंप ठणठणीत आहे," ते म्हणाले. "अडॅप्टरही. फिल्टर तुंबलेला असता तर काटा एवढा झपाट्याने चढला नसता. चाळिशीतच रेंगाळला असता आणि पंप कुरकुरला असता." बाहेरच्या बाउलमधला फिल्टर त्यांनी तरी उघडून बघितला. तो तपकिरी होता, पण टँकरच्या पाण्यात दोन आठवड्यांत कुठलाही फिल्टर तपकिरी होतो. रंगावरून फिल्टर तुंबला की नाही ते कळत नाही.

नवा ४५०चा एफआर शंभराच्या नोटेत आला आणि सुटे परत मिळाले. बसवला, मशिन सुरू केलं. काटा साठवर गेला आणि थांबला. वाया जाणारी धार मिनिटाला साडेचारशे. मेंब्रेनमधून दीडशेच्या वर. पंधरा मिनिटांनी टीडीएस १४५. आईने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "हं." आमच्या घरात ह्यापेक्षा मोठं प्रमाणपत्र दिलं जात नाही.

मेंब्रेन कधी जातच नाही, असं कुणी समजू नये. आमच्यासारख्या पाण्यात ते दीड-दोन वर्षांत सुद्धा जातं, आणि तेव्हाही पाणी कमी आणि खारट दोन्ही होऊ शकतं. पाण्यातला चुना पडद्यावर पांढरा कीट होऊन बसतो. पण त्या वेळी गेजवर दाब भरपूर असतो, वाया जाणारी धार ठरल्याप्रमाणे असते, आणि तरी गाळलेलं पाणी येत नाही. मेंब्रेन बाहेर काढलं तर हाताला जड लागतं आणि वाया जाणाऱ्या टोकाला चुन्याची पुटं दिसतात. सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात भिजवून थोडा चुना सुटतो आणि चार दिवस बरे जातात, पण वाळूतल्या सिलिकाचं कीट असेल तर अॅसिडलाही ते दाद देत नाही. मग मेकॅनिकचं ऐकायचं. नवं मेंब्रेन बसवल्यावर पहिलं तासभराचं पाणी प्यायचं नाही, टाकून द्यायचं.

ह्याच्या उलट, पाणी भरपूर आणि खारट असं दुखणंही असतं. तिथे दाबाचा काही दोष नसतो. मेंब्रेनच्या मधल्या नळीवर दोन इवल्या रबरी कड्या असतात, त्यातली एक दुमडली किंवा चिरली की कच्चं पाणी बाजूने आत घुसतं. ती कडी जवळजवळ फुकटात मिळते. किंवा मधला कार्बन फिल्टर संपलेला असताना क्लोरीनचं पाणी थेट मेंब्रेनला लागलेलं असतं आणि पडदा खाऊन टाकलेला असतो. तेव्हा पाण्याचा जोर बघून घरचे खूश असतात. चव घेणारी आई घरात नसेल तर ते बराच काळ खूश राहतात.

आणि थंडीत पाणी कमी झालं म्हणून घाबरायचं कारण नाही. पाण्याचं तापमान एक अंश उतरलं की मेंब्रेनमधून सुमारे तीन टक्के पाणी कमी येतं. मे महिन्यातल्या तिशीच्या पाण्यावरून डिसेंबरच्या विशीला आलो की पाव हिस्सा गेलाच. पण थंडीत मीठही कमीच झिरपतं, त्यामुळे पाणी कमी झालं तरी खारट होत नाही. काकांच्या मते हाच भेद लोकांनी पाठ करावा. नुसतं कमी झालं असेल तर आधी कॅलेंडर बघावं.

मेकॅनिकचा दोन दिवसांनी फोन आला, मेंब्रेन आणून ठेवलंय, कधी येऊ. मी म्हटलं, एफआर बदलला, चालू झालं. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "हां, एफआरपण असू शकतो." मुलगा वाईट नव्हता. दिवसाला दहा-बारा घरं करायची, प्रत्येक घरात ओटा रिकामा करून गेज जोडायचा आणि शेवटी शंभर रुपयांचा तुकडा बदलून निघायचं, हे त्याच्या कंपनीच्या गणितात बसत नसावं. काकांनी मात्र त्याला जिन्यात गाठून गेज विकत घ्यायला लावला. आता तो ज्या घरात जातो तिथे आधी काटा दाखवतो, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे लोक काटा बघून जास्त विश्वास ठेवतात. अगदी मेंब्रेन खरंच गेलेलं असतं तेव्हासुद्धा.

आमच्या आरओवर टी आणि गेज कायमचे राहिले. काका रोज संध्याकाळी येतात, चहा घेतात, काटा बघतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहितात. दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी '६०', '६०', '५८' अशी नोंद असते. ५८ला ते दोनदा वर आले होते.

तक्रार फक्त मावशींची आहे. त्यांची बादली भरत नाही. शिवाय जे पाणी येतं ते आता आधीपेक्षा खारट आहे, कारण थोडक्या पाण्यात तेवढंच मीठ. टीडीएस २४००च्या आसपास. काकांनी तुळशीला ते घालायची बंदी केली आहे. फरशी त्याने पुसली की वाळल्यावर पांढरे ओघळ उमटतात आणि ते पुन्हा साध्या पाण्याने पुसावे लागतात. परवा मावशी मशिनकडे बोट दाखवून म्हणाल्या, "काका, तो जुना तुकडा फेकला का हो? फरशीच्या दिवशी तेवढा लावा की."

काका विचारात पडले आहेत.